देवांच्या पंक्तींतला लबाड

आपल्या घरांतून 'नारद' हें नांव दोन प्रकारें घेतलें जातें. दोन जावांमध्यें किंवा दोन शेजाऱ्यांमध्यें कोणी इकडची गोष्ट तिकडे करून भांडण लावून दिलें, कीं आपण त्याला 'कळीचा नारद' म्हणतों. आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं देवळांत कीर्तन असलें, तर बुवा ज्या जागेवर उभे राहतात तिला आपण 'नारदाची गादी' म्हणतों. त्या गादीचा मान एवढा, कीं तिच्यावर उभा असलेला माणूस वयानें लहान असला तरी वडीलधारी मंडळी त्याच्या पायां पडतात. एकाच नांवाची शिवीहि व्हावी आणि गादीहि व्हावी, हें कसें? आजच्या भाषणांत मला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. परंतु तो नारदापासून आरंभ करून नव्हे, तर आपल्यापासून फार दूरच्या एका देवापासून आरंभ करून. घरचें कोडें कधीं कधीं परक्याच्या घरीं अधिक स्पष्ट दिसतें.

जगांतील पुष्कळ पुराणांतून असा एक तरी पुरुष आढळतो, कीं जो देवांत बसतो पण देवांसारखा वागत नाहीं. जो रूप पालटतो, चोरी करतो, थट्टा करतो, नियम मोडतो, आणि तरीहि ज्याच्यावांचून देवांचें चालत नाहीं. इंग्रजींत त्याला 'ट्रिकस्टर' म्हणतात. १९५६ सालीं पॉल रॅडिन या मानववंशशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील विनेबागो लोकांच्या अशा कथांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाचें विवेचन जोडलेलें होतें, आणि तेव्हांपासून हा शब्द विद्वानांच्या तोंडीं विशेष रुळला. मराठींत त्याला नेमका प्रतिशब्द नाहीं. खोडकर म्हटलें तर त्याच्यांतलें विष सुटतें. कपटी म्हटलें तर त्याच्यांतली गंमत सुटते. मी आज त्याला 'लबाड' म्हणणार आहें. कारण आपण मांडीवरच्या नातवालाहि लबाड म्हणतों आणि मापांत मारणाऱ्या दुकानदारालाहि लबाडच म्हणतों. प्रेम आणि भीति या दोहोंना पुरणारा दुसरा शब्द मला सांपडला नाहीं.

मी ज्याची कथा सांगणार आहें त्या लबाडाचें नांव लोकी. तो युरोपच्या उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या, म्हणजे नॉर्वे, आइसलंड वगैरे देशांतील जुन्या लोकांच्या, पुराणांतला आहे. त्याच्या कथा आपणांस मुख्यतः दोन जागीं मिळतात. एक म्हणजे आइसलंडमधील जुन्या काव्यांचा संग्रह, आणि दुसरा म्हणजे स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या पंडितानें इ. स. १२२० च्या सुमारास लिहिलेला 'एड्डा' हा गद्य ग्रंथ. ओडिन हा त्या देवांचा राजा. थॉर हा त्यांचा बलवान, हातीं हातोडा घेऊन फिरणारा रक्षक. आणि दैत्य हे त्यांचे जन्मशत्रु. लोकीचा बाप दैत्यांपैकीं होता. तरी तो देवांत राहतो, देवांच्या पंक्तीला जेवतो, आणि ओडिनशीं त्याचें रक्ताच्या शपथेनें जोडलेलें बंधुत्व आहे. म्हणजे पहिल्यापासूनच त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आंत आणि एक बाहेर आहे.

आतां त्याची पहिली कथा ऐका. देवांच्या वस्तीला तट नव्हता. एक अनोळखी गवंडी आला आणि म्हणाला, मी तुम्हांला दैत्यांपासून निर्भय करील असा तट बांधून देतों. मोबदला म्हणून फ्रेया ही देवता, आणि सूर्य व चंद्र, एवढें मला द्या. देवांनीं विचार करून अशी अट घातली, कीं काम एका हिवाळ्यांत पुरें झालें पाहिजे, कोणाहि माणसाची मदत घेतां कामा नये, आणि उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशीं एवढेंसें जरी काम उरलें, तरी मोबदला मिळावयाचा नाहीं. हें अशक्यच आहे, असें त्यांना वाटलें. गवंड्यानें एकच विनंती केली: माझ्या घोड्याची मदत घेऊं द्या. लोकी म्हणाला, घेऊं द्या, त्यांत काय बिघडतें? देवांनीं मान हलविली.

तो घोडा रात्रभर एवढाले धोंडे ओढून आणी, कीं धन्याच्या दुप्पट काम तोच करी. उन्हाळ्याला तीन दिवस उरले, तेव्हां केवळ वेशीचें काम राहिलें होतें. देव घाबरले. सभा भरली आणि ही सल्ला कोणाची, याचा शोध सुरू झाला. सर्वांनीं एकमुखानें सांगितलें, कीं लोकीची. त्याला धमकावलें, कीं यांतून मार्ग काढ, नाहीं तर तुझा जीव घेतों. त्या रात्रीं रानांतून एक घोडी खिंकाळत बाहेर आली. गवंड्याचा घोडा दावें तोडून तिच्यामागें धांवला आणि रात्रभर काम बंद पडलें. दुसऱ्या दिवशींहि पहिल्यासारखें काम होईना. गवंड्यानें ओळखलें कीं आपण बुडालों, आणि तो रागानें पिसाळला, तेव्हां तो दैत्य असल्याचें उघड झालें. मग देवांनीं घातलेल्या शपथा बाजूला ठेवून थॉरला हांक मारली, आणि थॉरनें हातोड्याच्या एका घावांत त्याचें डोकें फोडलें. ती घोडी म्हणजे लोकीच होता. पुढें त्याला आठ पायांचें एक करडें शिंगरूं झालें, आणि तो ओडिनचा सर्वश्रेष्ठ घोडा झाला.

या गोष्टीला उत्तरेकडचे लोक पोट धरून हंसले असतील, आपणहि हंसतों. पण हंसूं ओसरल्यावर हिशेब मांडून पाहा. देवांना एकाच वेळीं तीन गोष्टी पाहिजे होत्या: तट पाहिजे होता, फ्रेया आणि सूर्यचंद्र हातचे जाऊं द्यावयाचे नव्हते, आणि आपले हातहि स्वच्छ राहावयास पाहिजे होते. प्रामाणिक माणसाला या तीन गोष्टी एकदम साधत नाहींत. लोकीनें पहिल्या दोन साधून दिल्या आणि तिसरीचा डाग स्वतःवर घेतला. सल्ला सर्वांनीं ऐकली होती. दोष मात्र एकट्याचा ठरला. लबाडाचें देवसभेंत काय काम असतें, तें येथें दिसतें. जें सर्वांना हवें असतें पण कोणाला करावयाचें नसतें, तें तो करतो.

आणि तें तो कोणत्या साधनानें करतो? बळानें नव्हे, बळ थॉरकडे आहे. ज्ञानानेंहि नव्हे, ज्ञान ओडिनकडे आहे. लोकीची विद्या एकच: प्रत्येक भिंतीला, प्रत्येक करारालाहि, कोठें तरी फट असते, आणि ती त्याला दिसते. माणसाची मदत नको असें ठरलें, पण घोडा माणूस नव्हे, ही पहिली फट. घोडा कितीहि बलवान असला तरी तो घोडाच आहे, ही दुसरी. हें फट शोधणें आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढच्या दोन्ही कथा तिच्यावरच उभ्या आहेत.

दुसरी कथा सीफच्या केसांची. सीफ ही थॉरची बायको. लोकीनें एकदां तिचे सर्व केस कापून टाकले. कां? स्नोरी एवढेंच सांगतो, कीं खोडी म्हणून. थॉरनें त्याला धरलें आणि हाडनहाड मोडण्याची तयारी केली. तेव्हां लोकीनें शपथ घेतली, कीं मी बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे केस करून आणतों, ते डोक्यावर खऱ्या केसांसारखे वाढतील. तो एका कारागिरांच्या घराण्याकडे गेला. त्यांनीं केस केले, आणि शिवाय दोन वस्तु केल्या: ओडिनसाठीं अचूक भाला, आणि फ्रेय देवासाठीं रुमालासारखें घडी घालून पिशवींत ठेवतां येईल असें जहाज. येथेंच थांबता, तर तो लोकी नव्हता. तो ब्रोक्क नांवाच्या दुसऱ्या बुटक्याला म्हणाला, तुझ्या भावाला अशा तीन वस्तु करतां येणार नाहींत. येत असतील तर माझें डोकें पैजेला लावतों.

ब्रोक्कचा भाऊ भट्टीवर बसला आणि त्यानें ब्रोक्कला बजावलें, कीं मी वस्तु बाहेर काढीपर्यंत भाता थांबवूं नकोस. ब्रोक्क भाता फुंकूं लागला तों एक माशी त्याच्या हातावर बसून चावली. तो थांबला नाहीं; भट्टींतून सोन्याच्या केसांचा रानडुक्कर निघाला. दुसऱ्या वेळीं माशी मानेवर दुप्पट जोरानें चावली. तो थांबला नाहीं. एक सोन्याचें कडें निघालें, त्यांतून दर नवव्या रात्रीं तेवढ्याच वजनाचीं आठ कडीं ठिबकत. तिसऱ्या वेळीं भट्टींत लोखंड होतें. माशी पापणीवर चावली, रक्त डोळ्यांत उतरलें, आणि ब्रोक्कनें क्षणभर हात सोडून ती झटकली. तेवढ्यांत भाता बसला. जो हातोडा निघाला त्याचा दांडा थोडा आंखूड राहिला. तोच थॉरचा प्रसिद्ध हातोडा. ती माशी म्हणजे लोकीच, असें वाचणारा प्रत्येक जण समजतो.

देवांनीं न्याय केला, कीं हातोडा सर्वांत श्रेष्ठ, कारण दैत्यांपासून तोच आपलें रक्षण करील. लोकी पैज हरला. ब्रोक्क डोकें कापावयास आला, तेव्हां लोकी म्हणाला, डोकें तुझें खरें, पण मान तुझी नव्हे. मानेला न लागतां डोकें घे. ही पुन्हां फट! देवांना तें मान्य करावें लागलें. ब्रोक्कनें मग त्याचे ओंठ टोंचून दोऱ्यानें शिवून टाकले, आणि लोकीनें तो दोरा ओंठांतून ओढून काढला.

येथें आणखी एक हिशेब मांडूं. देवांजवळ जें जें मोलाचें होतें, ओडिनचा भाला, थॉरचा हातोडा, फ्रेयचें जहाज, तें तें एका बाईच्या केसांच्या खोडींतून आलें. आणि हातोड्याला जो एक दोष राहिला, तोहि लोकीनेंच ठेवला. लबाडाची देणगी अशीच असते. ती त्यानें केलेल्या नुकसानाची भरपाई म्हणून येते, आणि येतांना एखादें वैगुण्य घेऊन येते. देणगी आणि नुकसान यांचे दोन वेगळे ढीग करतां येत नाहींत. म्हणून त्याच्यावर प्रेम करणारे त्याला निर्धास्तपणें जवळ घेऊं शकत नाहींत, आणि त्याला भिणारे त्याला हांकलूनहि देऊं शकत नाहींत.

तिसरी कथा बाल्डरची. हींत हंसूं नाहीं. बाल्डर हा ओडिनचा आणि फ्रिग्गचा मुलगा, सर्वांचा लाडका. त्याला आपल्या मरणाचीं स्वप्नें पडूं लागलीं. आईनें काय केलें? तिनें अग्नीकडून, पाण्याकडून, लोखंडाकडून, दगडांकडून, झाडांकडून, रोगांकडून, पशुपक्ष्यांकडून, विषाकडून आणि सापांकडून शपथ घेतली, कीं आम्ही बाल्डरला इजा करणार नाहीं. मग देवांचा एक खेळच झाला. बाल्डरला मध्यें उभा करून कोणी दगड मारी, कोणी बाण सोडी. त्याला कांहींच लागत नसे. लोकीला हें पाहवलें नाहीं. तो बाईचें रूप घेऊन फ्रिग्गकडे गेला आणि सहज विचारल्यासारखें विचारलें, सर्वांनींच शपथ घेतली काय? ती म्हणाली, स्वर्गाच्या पश्चिमेला मिसलटो नांवाची एक लहानशी वनस्पति आहे. ती फारच कोंवळी वाटली, म्हणून तिची शपथ घेतली नाहीं.

मिसलटो हें आपल्याकडच्या बांडगुळासारखें दुसऱ्या झाडावर वाढणारें झुडूप. लोकीनें तें उपटलें. मंडळाच्या बाहेर बाल्डरचा आंधळा भाऊ हॉड उभा होता. लोकी म्हणाला, तूं कां नाहीं मारीत? तो म्हणाला, मला दिसत नाहीं, आणि माझ्याजवळ शस्त्रहि नाहीं. लोकी म्हणाला, हें घे, दिशा मी दाखवितों. बाल्डर पडला आणि मेला.

पाहा, येथें नवें असें कांहींच झालेलें नाहीं. जी नजर करारांत घोडा आणि माणूस यांमधली फट पाहत होती, डोकें आणि मान यांमधली फट पाहत होती, तीच नजर आईच्या शपथेंतली फट पाहते. पहिल्या दोन वेळां त्या फटींतून फायदा आंत आला. या वेळीं मृत्यु आंत आला. लबाडाची आवड वाटते ती आणि भीति वाटते ती एकाच शक्तीची आहे. आपल्याला वाटतें, कीं चांगला लोकी आणि वाईट लोकी असे दोन आहेत. कथा सांगते, कीं तो एकच आहे, आणि फट मात्र कधीं शत्रूच्या भिंतींत असते, तर कधीं आपल्या.

पुढें बाल्डरला परत आणण्यासाठीं एक देव ओडिनच्या आठ पायांच्या घोड्यावर बसून नऊ रात्री दौड करीत मृतांच्या राज्यांत गेला. तेथील राणी हेल म्हणाली, जगांतील सर्व वस्तु त्याच्यासाठीं रडतील तर सोडतें. सर्व रडलीं, दगडधोंडे आणि धातूहि रडले. एका गुहेंतील एक दैत्यीण मात्र रडली नाहीं, आणि ती लोकीच होती, असा लोकांचा तर्क. घोडा लोकीचा मुलगा, राणी लोकीची मुलगी, नकारहि लोकीचा. देव ज्याच्या मुलावर बसून गेले, त्याच्याच मुलीच्या दारीं त्याच्याच नकारावर अडले.

लोकी पळाला. एका डोंगरावर त्यानें चारी दिशांना दारें असलेलें घर बांधलें, आणि दिवसा तो मासा होऊन धबधब्यांत राही. एके दिवशीं बसल्या बसल्या, देव आपल्याला कसे पकडतील, याचा विचार करतां करतां त्यानें तागाचा दोरा घेऊन त्याचीं घरें विणलीं. तेंच जगांतलें पहिलें मासे धरण्याचें जाळें. देव येतांना दिसले तेव्हां त्यानें तें विस्तवांत टाकलें आणि नदींत उडी घेतली. पण देवांतील सर्वांत शहाण्याला राखेंत त्या विणीची आकृति दिसली. त्यांनीं तसेंच जाळें विणलें, आणि थॉरनें माशाला शेंपटीजवळ धरलें. दुसऱ्याच्या सापळ्यांतून निसटावें म्हणून त्यानें तो सापळा आधींच कल्पिला, आणि त्या कल्पनेनेंच तो सांपडला. त्याला एका गुहेंत तीन शिळांना, त्याच्याच एका मुलाच्या आंतड्यांनीं बांधलें आणि तोंडावर विषारी साप टांगला. त्याची बायको सिगिन वाडगें धरून ते थेंब झेलते. वाडगें भरून ती ओतावयास गेली, कीं विष तोंडावर पडतें, लोकी तळमळतो, आणि त्यानें धरणीकंप होतो. जगाच्या अंतीं तो सुटेल, आणि दैत्यांना घेऊन देवांवर चालून येईल.

आतां एक सावधगिरी. स्नोरी ख्रिस्ती होता, आणि आइसलंडनें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला तोंपर्यंत सुमारें दोनशें वर्षें झालीं होतीं. सैतानाची कल्पना त्याच्या मनांत असणारच, आणि लोकीचा शेवटचा काळोख तिनें गडद केला असेल, असें कांहीं विद्वान मानतात. साक्सो नांवाच्या डेन्मार्कच्या इतिहासकारानें स्नोरीच्या थोडे आधीं बाल्डरच्या मरणाची कथा लिहिली आहे. तींत लोकी मुळींच नाहीं. उलट, आइसलंडच्या एका जुन्या काव्यांत लोकी स्वतःच फ्रिग्गला सुनावतो, कीं बाल्डर दिसत नाहीं तो माझ्यामुळें. तेव्हां सर्व दोष स्नोरीच्या लेखणीवर टाकतां येत नाहीं. एवढें मात्र निश्चित, कीं ओडिन आणि थॉर यांच्या पूजेच्या खुणा गांवांच्या नांवांत उरल्या आहेत, इंग्रजी वारांच्या नांवांतहि उरल्या आहेत: बुधवार ओडिनचा, गुरुवार थॉरचा, शुक्रवार फ्रिग्गचा. लोकीची पूजा होत असल्याचा खात्रीचा पुरावा मात्र मिळत नाहीं. कथा घरोघर, पण पूजा कोठेंच नाहीं.

हें असेंच व्हावयास पाहिजे होतें काय? नाहीं, आणि त्याचा दाखला ग्रीसमध्यें आहे. ग्रीकांचा हर्मीझ हाहि जन्मजात लबाड. जुन्या स्तोत्रांत त्याची कथा अशी आहे, कीं तो पहांटे जन्मला, दुपारीं त्यानें कासवाच्या पाठीची वीणा करून वाजविली, आणि संध्याकाळीं थोरल्या भावाच्या, म्हणजे अपोलोच्या, पन्नास गाई चोरल्या. माग लागूं नये म्हणून त्यानें गाई उलट्या चालविल्या, आणि आपल्या पायांना डहाळ्यांचे जोडे बांधले. मग पाळण्यांत येऊन तो पडला. अपोलोनें त्याला बापासमोर, झ्यूससमोर, उभें केलें. तेथेंहि पोरानें बेधडक खोटें सांगितलें. झ्यूस मोठ्यानें हंसला, आणि म्हणाला, दोघे मिळून जा आणि गाई दाखव. हर्मीझनें वीणा अपोलोला दिली. अपोलोनें त्याला गुरें राखण्याचा अधिकार दिला. परंतु अपोलो भोळा नव्हता. माझी वीणा आणि माझें धनुष्य तूं कधीं चोरणार नाहींस, अशी शपथ त्यानें आधीं घेवविली. आणि मग हर्मीझला कामें मिळालीं: देवांचा निरोप्या, वाटसरूंचा आणि व्यापाऱ्यांचा रक्षक, मृतांना परलोकीं नेणारा वाटाड्या. हीं सर्व कामें सीमा ओलांडण्याचीं आहेत. जो सीमा मानतच नाहीं, त्याला सीमेवरचाच चाकर नेमला.

दोन्ही कथा शेजारीं ठेवल्या, म्हणजे फरक दिसतो. हर्मीझच्या चोरीचा निवाडा एकदां उघडपणें झाला. हंसूं झालें, भरपाई झाली, शपथ झाली, आणि पद मिळालें. लोकीकडून देवांनीं प्रत्येक वेळीं काम करवून घेतलें, पण धमकी देऊन. आणि काम झाल्यावर त्याचे ओंठ शिवले जात असतां ते पाहत राहिले. त्याला त्यांनीं पंक्तीला बसविलें, पण पद कधीं दिलें नाहीं. लोकीचा दुष्टपणा मी झांकूं इच्छीत नाहीं. बाल्डरचा खून हा खूनच आहे. परंतु त्याच्या आधींच्या हिशेबांत देवांचें नांवहि येणें लिहिलेलें आहे.

आतां आपल्या घरीं परत येऊं. भागवताच्या सहाव्या स्कंधांत नारदाची एक कथा आहे. दक्ष प्रजापतीनें आपल्या दहा हजार मुलांना प्रजावृद्धीच्या कामाला लावलें. नारदानें वाटेंत गांठून कोड्यासारखे प्रश्न विचारले आणि सर्वांना विरक्त करून घालवून दिलें. दक्षानें आणखी हजार मुलें धाडलीं. त्यांचीहि तीच गत. दक्षानें शाप दिला, कीं तुला तिन्ही लोकांत कोठेंहि पाय ठेवून राहावयास जागा मिळणार नाहीं. नारदानें तो शाप मुकाट्यानें घेतला. बापाच्या दृष्टीनें हें मुलें पळविणें. भक्तांच्या दृष्टीनें तोच उद्धार. कंसाचे कान फुंकणाराहि नारदच. त्यानें वसुदेवदेवकीला बेड्या पडल्या, पण कंसाच्या पापाचा घडाहि लौकर भरला. येथेंहि देणगी आणि नुकसान यांचे ढीग वेगळे होत नाहींत. परंतु ज्याला शापानें कोठेंच जागा उरली नाहीं, त्याला आपल्या महाराष्ट्रांतील कीर्तनकारांनीं जागा दिली. नारदाची गादी ती हीच. लबाडाला एक आसन, एक वेळ आणि एक काम दिलें. आणि गादीवरून बुवांनीं श्रोत्यांनाच चार शब्द सुनावले, तरी कोणी रागावत नाहीं.

शेवटीं माझ्या मास्तरकीच्या काळची एक गोष्ट सांगतों. आमच्या शाळेंत एक मुलगा होता. अभ्यासांत यथातथाच, पण हातांत विलक्षण कसब. एकदां परीक्षेच्या दिवशीं सकाळीं कपाटाची किल्ली हरवली, आंत प्रश्नपत्रिका. हेडमास्तरांनीं त्याला बोलावलें. त्यानें तारेचा एक तुकडा घेऊन दोन मिनिटांत कुलूप उघडलें. आम्ही सर्व मास्तर हंसलों, आणि कोणी तरी त्याच्या पाठीवर थापहि मारली. दोन महिन्यांनीं फीच्या पेटींतून पैसे गेले. चौकशी व्हावयाच्या आधींच सर्वांच्या तोंडीं एकच नांव आलें. पुरावा काय? तर त्याला कुलुपें उघडतां येतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें होतें. त्याचें नांव शाळेंतून कमी झालें. पैसे त्यानें घेतले असतीलहि, नसतीलहि. तें कधींच ठरलें नाहीं. पण त्या बैठकींत मी बसलों होतों, आणि ही सल्ला कोणाची, असें विचारून सर्वांनीं लोकीकडे बोट दाखविलें तेव्हां जसे देव बसले असतील, तसाच बसलों होतों.

ती विद्या त्याला आम्हीं शिकविली नव्हती. पण तिचा उपयोग प्रथम आम्हींच करून घेतला होता. शाळेंतील मोडक्या खिडक्या, बंद पडलेलीं घड्याळें, गंजलेलीं कुलुपें त्याच्याकडे रीतसर सोंपवून, अमुक पेटीला मात्र हात लावणार नाहींस, अशी अपोलोसारखी शपथ त्याच्याकडून घेतां आली असती. तें सुचलें नाहीं. घरांत किंवा शाळेंत असा एखादा लबाड सर्वांच्या आहे. त्याच्या युक्तीवर हंसतांना ती आपल्या फायद्याची आहे म्हणून आपण हंसत आहों काय, एवढें त्याच वेळीं स्वतःला विचारावें. उत्तर होय असें आलें, तर त्याच्या पुढच्या खोडींत आपला वांटा धरून ठेवावा, आणि त्याला पंक्तीबरोबरच एखादी गादीहि द्यावी.